सुट्टीनंतरचं पहिलं मिनिट

९ एप्रिल २०२५, बुधवार. दुपारी साडेतीनला मुंबईचा शेअर बाजार बंद झाला तेव्हा निफ्टी २२,३९९ वर होता. त्याच दिवशी सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवून ६ टक्क्यांवर आणला होता. तरीही बाजार १३७ अंक गमावून बंद झाला, कारण अमेरिकेच्या नव्या आयातशुल्काचा धसका व्याजदराच्या दिलाशापेक्षा मोठा होता. दुसऱ्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी होती. त्यानंतर एक शुक्रवार उघडा, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी, १४ तारखेला, डॉ. आंबेडकर जयंती. म्हणजे पुढच्या पाच दिवसांत मुंबईत सौदे होणार होते ते एकाच दिवशी.

बुधवारी रात्री, आपल्याकडे पावणेअकरा वाजून गेले असताना, अमेरिकेच्या अध्यक्षांनी बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवस स्थगित केल्याचं जाहीर केलं. तिकडचा एस अँड पी ५०० निर्देशांक त्या एका दिवसात साडेनऊ टक्क्यांनी वर गेला. गुरुवारी सकाळी टोकियोचा निक्केई नऊ टक्क्यांनी उसळला. मुंबईचे पडदे मात्र काळेच होते. ज्यांनी मंदीचे सौदे अंगावर ठेवले होते त्यांना हे सगळं फक्त बघता येत होतं.

पण हातावर हात धरून बसलेल्या तेजीवाल्यांचाही अंदाज चुकायचा होता. गुरुवारी रात्री अमेरिकी बाजार साडेतीन टक्क्यांनी घसरला. त्यामुळे शुक्रवारी मुंबई उघडली ती दोन दिवसांच्या बातम्यांची वजाबाकी करून. निफ्टी साधारण २२,६९५ ला सुरू झाला, म्हणजे बुधवारच्या बंद भावापेक्षा सुमारे ३०० अंक वर. साडेनऊ टक्क्यांच्या बातमीचे इथे हाती आले सव्वा टक्का. सुट्टीच्या काळातली प्रत्येक बातमी आपापला भाव घेऊन येत नाही; दार उघडतं त्या क्षणी सगळ्यांची मिळून जी बेरीज असेल ती एकदम दिसते.

बाजाराच्या भाषेत या उडीला गॅप म्हणतात. आदल्या दिवशीचा बंद भाव आणि आजचा पहिला भाव यांच्यातली मोकळी जागा. आलेखावर ती खरोखरच मोकळी दिसते, कारण त्या मधल्या भावांना एकही सौदा झालेला नसतो. यातला बंद भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एनएसईत तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी काढून ठरत आला आहे. आणि पहिला भाव ठरतो सकाळी ९ ते सव्वानऊच्या प्री-ओपन सत्रात. साधारण ९ वाजून ८ मिनिटांपर्यंत खरेदी-विक्रीच्या ऑर्डर गोळा होतात आणि ज्या भावाला जास्तीत जास्त शेअर हातबदल करू शकतील तो भाव काढला जातो. या आठ मिनिटांत एनएसईच्या संकेतस्थळावर संभाव्य भाव हलताना दिसतो. गॅप केवढा पडणार याचा तो सगळ्यात जवळचा अंदाज. त्याआधीचा अंदाज गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत होणाऱ्या गिफ्ट निफ्टीच्या सौद्यांवरून बांधला जातो. ते दिवसातले वीसेक तास चालू असतात.

शुक्रवारी निफ्टी दिवसभर वर सरकत २२,८२८ ला बंद झाला. त्या रात्री अमेरिकेने मोबाइल, संगणक आणि सेमीकंडक्टर यांना नव्या शुल्कातून वगळल्याची सूचना निघाली. रविवारी ‘ही सूट तात्पुरती आहे’ असं सांगण्यात आलं. सोमवारी वाहन कंपन्यांना मदत करण्याची भाषा झाली. मुंबई या सगळ्या वेळात बंद. मंगळवारी, १५ एप्रिलला निफ्टी उघडला तोच २३,३६८ च्या आसपास, ५४० अंक वर. आणि दिवसाअखेर थोडा खालीच, २३,३२८ ला बंद झाला.

आता बुधवार ते मंगळवार हा सगळा प्रवास मांडून पाहावा. बंद भावापासून बंद भावापर्यंत निफ्टी सुमारे ९३० अंक चढला. त्यातले जवळजवळ ८३५ अंक दोन गॅपमध्ये गेले, म्हणजे बाजार बंद असताना. दोन पूर्ण दिवस सौदे चालू होते त्या वेळात मिळून जेमतेम ९५ अंकांची भर पडली. जो माणूस रोज सव्वानऊला बसून साडेतीनला सगळे सौदे मिटवून उठत होता, त्याच्या वाट्याला या तेजीतलं फारसं काही आलं नसतं. आणि ज्याने मंदीचा सौदा रात्रभर ठेवला होता, त्याला सुटायची एकही संधी मिळाली नसती.

हा दुसरा माणूस नेमका कसा सापडतो ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे.

समजा, त्याने शुक्रवारी दुपारी निफ्टी फ्युचरचा एक लॉट विकला. तेव्हा लॉट ७५ चा होता. हिशेब सोपा राहावा म्हणून फ्युचरचा भाव निर्देशांकाइतकाच, २२,८२८ धरू. सौद्याची किंमत सुमारे १७ लाख रुपये. त्याचं गणित असं: भाव १०० अंक वर गेला तर बाहेर पडायचं, म्हणजे नुकसान साडेसात हजारांपुरतं. म्हणून त्याने स्टॉपलॉस लावला, २२,९२८ चा. पण साधा स्टॉपलॉस त्या दिवसापुरताच असतो, साडेतीनला तो रद्द होतो. बरं, ब्रोकरकडे अनेक दिवस चालणारी ट्रिगर ऑर्डर ठेवली असती तरी काय झालं असतं? मंगळवारी पहिला सौदाच ५४० अंक वर झाला. २२,९२८ हा भाव वाटेत आलाच नाही. ऑर्डर ‘जो मिळेल त्या भावाला घ्या’ अशी असती तर २३,३६८ च्या आसपास पूर्ण झाली असती आणि नुकसान ४० हजार रुपये. ऑर्डरला २२,९४० अशी वरची मर्यादा घातलेली असती तर ती नुसती पडून राहिली असती, कारण तो भाव त्या दिवशी पुन्हा दिसलाच नाही. नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. स्टॉपलॉस हा भावाचा हमीदार नाही. त्या भावाला समोर कोणी विकणारा असेल तरच तो उपयोगी पडतो, आणि गॅपमध्ये नेमका तोच नसतो.

यावर खरा उपाय दोन प्रकारचा. एक, सुट्टीआधी सौदा लहान करणं. पण एकच लॉट असेल तर अर्धा लॉट करता येत नाही, तो सरळ मिटवावा लागतो. दुसरा, विमा घेणं. याच माणसाने त्याच वेळी २३,००० चा कॉल ऑप्शन विकत घेतला असता आणि त्याला २०० रुपये प्रीमियम पडला असता असं धरलं, तर निफ्टी कितीही वर उघडला तरी त्याचं नुकसान १७२ अधिक २००, म्हणजे ३७२ अंकांवर थांबलं असतं. रुपयांत सुमारे २८ हजार. ठरवलेल्या साडेसात हजारांपेक्षा ते खूपच जास्त आहे आणि काहीच घडलं नसतं तर प्रीमियमचा बराचसा भाग वायाच गेला असता. पण सुट्टीत अंगावर येऊ शकणारा मोठ्यात मोठा आकडा शुक्रवारीच समजला असता. रात्र ओलांडून सौदा ठेवताना हा आकडा माहीत असणं किंवा नसणं, एवढाच दोन व्यापाऱ्यांमधला फरक असतो.

छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये प्रकरण आणखी अवघड होतं. त्यांना दिवसाला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. सुट्टीत वाईट बातमी आली की सकाळी भाव थेट खालच्या सर्किटला लागतो, विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कोणी नसतो. तिथे गॅप एका सकाळीही संपत नाही, तो रोज पाच-पाच टक्क्यांच्या हप्त्याने चालू राहतो.

मग तीन दिवस बाजार बंद म्हणजे जोखीम तिप्पट का? साध्या तर्काने तसं वाटतं, पण प्रत्यक्षात तसं नाही आणि त्याचा पुरावा अमेरिकेच्या इतिहासात मिळतो. १९६८ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात सौदे इतके वाढले की कागदपत्रांचा ढीग उपसता येईना. तेव्हा सगळं काम कागदी सर्टिफिकेटांवर चाले. तुंबलेलं काम उरकण्यासाठी त्या वर्षाच्या उत्तरार्धात बाजार दर बुधवारी बंद ठेवला गेला. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल या अभ्यासकांनी पुढे हे बुधवार हाताशी धरले. देशातले बाकीचे व्यवहार चालू, बातम्या नेहमीसारख्या, फक्त बाजार बंद. त्यांना आढळलं की मंगळवारच्या बंद भावापासून गुरुवारच्या बंद भावापर्यंतचा चढउतार नेहमीच्या एका दिवसापेक्षा थोडासाच जास्त होता. शनिवार-रविवारचंही तेच: शुक्रवार ते सोमवार या तीन दिवसांतला चढउतार, संख्याशास्त्रातल्या व्हेरियन्सच्या मापाने, एका साध्या दिवसापेक्षा फक्त दहा-अकरा टक्क्यांनी जास्त निघाला. हा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा की भाव हलतात ते बरेचसे सौदे चालू असल्यामुळेच. लोक एकमेकांचे भाव पाहून घेतात-विकतात, त्यातून हालचाल होते. बाजार बंद तर ती हालचालही बंद.

म्हणजे लांब सुट्टी सरासरीने भीतीदायक नाही. वर्षातल्या बहुतेक लांब सुट्ट्यांनंतर निफ्टी अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे उघडतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. अडचण आहे ती सरासरीबाहेरच्या एखाद्या सोमवारची. त्याच एप्रिलची ७ तारीख असा सोमवार होती. मागे नेहमीचाच शनिवार-रविवार, जोडून आलेली सुट्टी नाही. तरी निफ्टी शुक्रवारच्या २२,९०४ वरून थेट २१,७५८ च्या आसपास उघडला, जवळपास ११५० अंक खाली. दिवसभरात त्यातले ४०० अंक भरूनही आले. घाबरून पहिल्याच मिनिटाला विकणाऱ्यांना दिवसातला जवळजवळ सगळ्यात वाईट भाव मिळाला.

ऑप्शन विकणारे लांब सुट्टीकडे वेगळ्या नजरेने पाहतात. ऑप्शनचं आयुष्य कॅलेंडरच्या दिवसांनी मोजलं जातं, त्यामुळे बाजार बंद असतानाही प्रीमियम झिजत राहतो. तीन दिवस सुट्टी म्हणजे तीन दिवसांचं भाडं फुकट, अशी त्यांची समजूत. पण ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे प्रीमियम सुट्टीच्या आदल्या दुपारीच उतरू लागतो. जो शुक्रवारी तीन वाजता विकायला येतो त्याच्या हाती उतरलेला भाव येतो आणि गॅपची जोखीम मात्र पूर्ण. १५ एप्रिलसारख्या दिवशी घेणाऱ्यालाही वाटतं तेवढं मिळत नाही. बाजाराची धास्ती मोजणारा इंडिया व्हीआयएक्स ७ तारखेला २२ च्या वर गेला होता. १५ तारखेला तो २० वरून १६ च्या जवळ आला. धास्ती ओसरली की सगळ्याच ऑप्शनमधली हवा कमी होते, कॉलमधलीही.

सुट्टीमुळे एक्स्पायरीही सरकते. तेव्हा निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन गुरुवारी संपत. १० तारखेचा गुरुवार सुट्टीचा, म्हणून ते ९ तारखेला बुधवारीच संपले. २२,५०० चा त्या आठवड्याचा कॉल दुपारी साडेतीनला शून्य झाला आणि सात तासांनी ती बातमी आली. सप्टेंबर २०२५ पासून ही एक्स्पायरी मंगळवारी असते. मंगळवारी सुट्टी आली तर ती सोमवारी होते.

आता सुट्टीच्या आधीचा दिवस आणि अर्धे दिवस. बाजाराची खोली म्हणजे प्रत्येक भावाला किती माल घ्यायला-विकायला लोक उभे आहेत ते. मोठ्या संस्थांचे डीलर सुट्टीआधी जुने सौदे कापतात आणि नवे घेत नाहीत. ऑर्डरच्या यादीत एरवी जिथे हजारो शेअर उभे असतात तिथे शेकडो उरतात, घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या भावातलं अंतर वाढतं. मग मध्यम आकाराची एक ऑर्डरही भाव दोन-चार पायऱ्या ढकलून देते. त्या हालचालीत मत कमी आणि रिकामी जागा जास्त असते.

न्यूयॉर्कमध्ये थँक्सगिव्हिंगचा गुरुवार सुट्टीचा आणि दुसरा दिवस अर्ध्या वेळेचा असतो. शेअर बाजार दुपारी एकलाच बंद होतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. २६ नोव्हेंबर २०२१ चा शुक्रवार असाच अर्धा दिवस होता. आदल्या सुट्टीच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतून करोनाच्या नव्या प्रकाराची बातमी आली होती. शुक्रवारी त्याचं ओमिक्रॉन असं नामकरण झालं. बरेच लोक रजेवर, वेळ तोकडा. डाऊ जोन्स ९०५ अंकांनी पडला. अमेरिकी कच्चं तेल १३ टक्क्यांनी कोसळून ६८ डॉलरच्या जवळ आलं. बातमी खरी होती, भीतीही खरी होती. पण एका दिवसात तेलाचा भाव इतका खाली जाण्यात समोर घेणारे कमी असण्याचाही वाटा होता. सोमवारी पूर्ण दिवस उघडल्यावर शेअर आणि तेल दोन्ही काही प्रमाणात सावरले.

आपला अर्धा दिवस याहूनही छोटा, मुहूर्ताच्या सौद्यांचा एक तास. मुंबई शेअर बाजारात ही प्रथा १९५७ पासून चालत आली आहे. त्या तासात नवं वर्ष सुरू झालं म्हणून पाच-दहा शेअर घेणारी घरं महाराष्ट्रात आणि गुजरातेत असंख्य आहेत, आणि त्या आनंदाला नाव ठेवायचं कारण नाही. उलाढाल नेहमीच्या दिवसाच्या अगदी छोट्या भागाइतकी असते आणि विकण्याचा मूड कोणाचाच नसतो, त्यामुळे भाव बहुधा हिरवा दिसतो. मात्र त्या हिरव्या रंगावरून पुढचा अंदाज बांधू नये. १ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुहूर्ताच्या तासात सेन्सेक्स ३३५ अंक चढून ७९,७२४ ला बंद झाला. मध्ये शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी पूर्ण दिवसाच्या बाजारात तो ९४२ अंकांनी घसरला.

पुढच्या वर्षी उलट रंग दिसला. २१ ऑक्टोबर २०२५ ला मुहूर्ताचे सौदे दुपारी झाले आणि निफ्टी २५,८६८ ला जवळजवळ जिथल्या तिथे राहिला. २२ तारखेला बलिप्रतिपदेची सुट्टी. त्या सुट्टीत भारत-अमेरिका व्यापार कराराच्या आशेची बातमी पसरली आणि २३ ला निफ्टी २६,०५७ ला उघडला. त्या पहिल्या भावाला घाईने घेणाऱ्यांना दिवसभर भाव उतरताना पाहावा लागला. बंद झाला तो २५,८९१ ला. हा गॅप मोजला गेला होता एका पातळ तासाच्या बंद भावापासून, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. आधारच कच्चा असेल तर त्यावरून मोजलेली उडीही तितकीच कच्ची.

सोन्या-चांदीचे सौदे करणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. अनेक सुट्ट्यांच्या दिवशी एमसीएक्स सकाळी बंद असतं आणि संध्याकाळी पाचला उघडतं. त्यामुळे परदेशातली हालचाल त्यांना त्याच रात्री हाताळता येते, शेअरवाल्यांना दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावं लागतं.

देशाचे हे दोन मोठे शेअर बाजार मुंबईत असल्यामुळे त्यांची सुट्टी महाराष्ट्राच्या कॅलेंडरवर चालते. १ मे हा महाराष्ट्र दिन, म्हणून कोलकात्यात किंवा चेन्नईत बसलेल्या माणसालाही त्या दिवशी शेअर विकता येत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान महाराष्ट्रात होतं आणि बाजार सगळ्या देशासाठी बंद. याउलट १९ फेब्रुवारी, शिवजयंती. त्या दिवशी महाराष्ट्रात बँका बंद असतात, बाजार मात्र चालू. सौदे होतात, पण पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण होत नाही. २०२५ मध्ये १८ तारखेला घेतलेले शेअर नेहमीप्रमाणे १९ ला न येता २० ला खात्यात आले, १९ ला घेतलेलेही २० लाच. १८ ला विकून १९ ला पैसे काढायचे असं ठरवलेल्याची तिथे अडचण होते. ब्रोकरकडून उसने पैसे घेऊन शेअर घेणाऱ्यांना व्याजही कॅलेंडरच्या प्रत्येक दिवसाचं लागतं. वार्षिक १२ टक्के दराने लाखामागे दिवसाला सुमारे ३३ रुपये, बाजार बंद असला तरी.

सुट्ट्यांची यादी बाजार वर्ष सुरू होण्याआधीच जाहीर करतात, तरी ती मधेच बदलू शकते. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने बकरी ईदची सुट्टी २८ वरून २९ तारखेला नेली, तशी बाजाराचीही सुट्टी सरकली आणि त्या महिन्याची एक्स्पायरी एक दिवस आधी आली. जानेवारी २०२४ मधला बदल त्याहून अचानक होता. अयोध्येतल्या सोहळ्यासाठी २२ तारखेच्या सोमवारी राज्याने सुट्टी दिली आणि बाजारही बंद राहणार हे शुक्रवारी, १९ तारखेला, दिवसाचे सौदे संपल्यावर कळलं. त्याऐवजी शनिवारी पूर्ण दिवस बाजार चालला. तीन रात्रींचा हिशेब करून शुक्रवारी सौदा ठेवलेल्यांना शनिवारी बाहेर पडायची एक वाट मिळाली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांचा सौदा थेट मंगळवारपर्यंत अडकला. मंगळवारी सेन्सेक्स शनिवारच्या ७१,४२३ वरून चारशेहून अधिक अंक वर उघडला आणि संध्याकाळी १,०५३ अंक गमावून ७०,३७० ला बंद झाला.